वरच्या फोटोत दिसतंय तसं

धाकटी बहीण मडगावला असते. तिचा मुलगा लग्नाचा, त्यामुळे गेलं वर्षभर आमच्या घराण्यात मुलींचे फोटो फिरताहेत. एका रविवारी दुपारी, जेवून डोळा लागता लागता, तिचा निरोप आला : ‘वरचा फोटो बघ आणि काय वाटतं ते मोकळेपणानं सांग.’

वर पाहिलं. एका करड्या चौकोनात लिहिलं होतं `IMG_4127.HEIC`. दाबलं तर माझा जुना फोन म्हणाला, ही फाईल उघडता येत नाही.

आता ‘दिसत नाही’ असं लिहावं, तर ती फोन करणार, फोन आला की झोप जाणार. शिवाय फोटो कसला, हे विचारायची गरजच काय? घरात सध्या एकाच प्रकारचे फोटो येत होते. मी लिहिलं, ‘छानच. डोळे बोलके आहेत. पुढे जायला हरकत नाही.’ आणि कूस बदलली.

फोन आलाच. ‘दादा, डोळे कुठे दिसले तुला?’

तो मेहुण्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे होता. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं होतं आणि मी, घरातला विज्ञानाचा माणूस, पुढे जायला हरकत नाही असा अभिप्राय देऊन बसलो होतो. मेहुणे अजून भेटले की ‘बोलके’ गुडघे पुढे करतात.

त्यानंतर मी फाईलींची नावं वाचायला शिकलो. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. पान नसेल तर देठ बघायची सवय. आयफोनचं `IMG_4127` म्हणजे त्या फोनने लावलेला अनुक्रमांक, त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. पुढचं `HEIC` हे २०१७ पासून आयफोन वापरतो त्या साठवणीचं नाव. बहिणीने फोटो ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, म्हणून माझ्याकडे नुसतं नाव उतरलं. `IMG-20240728-WA0011.jpg` असं काही दिसलं तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं, मधले आकडे तारखेचे, शेवटचे त्या दिवसाच्या क्रमांकाचे. पण ही तारीख फोटो काढल्याची नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेल्या-आल्याची. दहा वर्षांपूर्वीचा नाग आज कुणी पुढे ढकलला तर त्याच्या कपाळी आजचीच तारीख. थोडक्यात, नावावरून लिफाफा कुठून आला ते थोडंफार कळतं, आत काय आहे ते कळत नाही.

हे ज्ञान मला गेल्या श्रावणात उपयोगी पडलं. म्हणजे पडलं असं मला वाटत होतं.

वाळपईला असताना आमचे एक शेजारी होते. वयाने थोडे मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला सर म्हणतात. मी निवृत्तीनंतर फोंड्याला आलो, ते तिथेच राहिले. घरामागे डोंगर, डोंगरावर वारुळं, आणि पावसात त्या वारुळांवर अळमी, म्हणजे खायची रानटी अळंबी. श्रावणात मासळी बंद असलेल्या घरांत अळमीला काय मान असतो ते गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसलेल्या बायकांशी मी मी म्हणणारे लोक भाव न करता पैसे मोजतात.

तर सकाळी दहाच्या सुमारास मला मेल आली. भाऊंची नव्हे, पुण्यातल्या त्यांच्या चिरंजीवांची. भाऊंनी मुलाला विचारलं होतं, मुलाने ‘सरांना विचारा, त्यांना यातलं कळतं’ असं उत्तर लिहून त्यात मलाही घातलं होतं. खाली भाऊंचा मूळ मजकूर असा होता :

```
> [image: olmi.jpg]
> वरच्या फोटोतली अळमी खायची का?
```

बस्स. चौकटी कंस, आत एक नाव. वाटेत काय झालं ते माझ्या लक्षात आलं. भाऊंनी फोटो मेलच्या मजकुरातच चिकटवला होता. चिरंजीवांनी उत्तर दिलं ते साध्या मजकुराच्या पद्धतीने, ज्यात फक्त अक्षरं जातात. फोटो गळला आणि तो जिथे होता तिथे त्याच्या नावाची पाटी उरली. घर पाडलं तरी दारावरची पाटी कुणीतरी जपून ठेवावी तसं.

हा क्षण मोहाचा असतो. नाव चक्क `olmi`. श्रावण महिना. सत्तरी तालुक्यातला डोंगर. पाठवणारा माणूस जन्मभर अळमी खाल्लेला. ‘हो, अळमीच दिसते, खुशाल खा’ हे वाक्य बोटांच्या टोकापर्यंत आलं होतं. मग गुडघा आठवला.

कारण ते नाव निसर्गाने दिलेलं नव्हतं, भाऊंनी दिलेलं होतं. आणि भाऊंना खात्री असती तर त्यांनी विचारलंच नसतं. म्हणजे ते नाव उत्तर नव्हतं, तोच तर प्रश्न होता.

मग मी काय लिहिलं ते सांगतो, कारण त्यावर मी वीस मिनिटं घालवली. आधी लिहिलं होतं, ‘कुठला फोटो?’ ते खोडलं. या प्रश्नाला जगात एकच उत्तर येतं, ‘वरचा’. मग लिहिलं, ‘तुम्ही फोटो पाठवायला विसरलात.’ तेही खोडलं. भाऊ विसरले नव्हते. त्यांच्या पडद्यावर तो फोटो ढळढळीत दिसत होता, आणि ज्याला तो दिसतोय त्याला ‘तू पाठवलाच नाहीस’ म्हणणं म्हणजे भांडणाला बोलावणं. शेवटी गेलं ते असं :

‘भाऊ, तुमच्या मेलमध्ये फोटोच्या जागी मला फक्त `[image: olmi.jpg]` ही अक्षरं दिसताहेत. चित्र माझ्यापर्यंत पोचलेलं नाही, वाटेत गळलंय. त्यामुळे ती अळमी आहे की आणखी काही हे मी सांगू शकत नाही, अंदाजही करणार नाही. मेल लिहिताना खाली कागद अडकवायच्या पिनेचं चिन्ह आहे, ते दाबून फोटो थेट मला पाठवा. टोपीची वरची बाजू, खालच्या पडद्या, आणि मुळासकट उपटलेला देठ, असे तीन हवेत. तोवर शब्दांत सांगा : वारुळावर होती की गवतात? देठ जमिनीत खोल गेला होता का? आणि तोवर चुलीवर काही चढवू नका.’

दिसलं ते जसंच्या तसं उतरवणं महत्त्वाचं. ‘फोटो उघडत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर भाऊंनी तोच फोटो त्याच वाटेने चारदा पाठवला असता. आणि शब्दांतले प्रश्न वेळ काढायला नव्हते. खरी अळमी वाळवी आपल्या वारुळात पिकवते, त्या बागेतून तिचा देठ मुळासारखा लांब वर येतो. गवतात उगवणारी एक पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री तिच्यासारखी दिसून फसवते, आणि ती पोटात गेली की उलट्यांनी माणूस गळतो. तिची टोपी पडद्या खाली करून रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवली तर कागदावर हिरवट भुकटी पडते. अळमीची पडते फिकट गुलाबी. ही भुकटी कुठल्याच फोटोत नसते, म्हणून फोटो आला असता तरी मी ‘खा’ म्हणालो नसतो. ‘खाऊ नका’ म्हणण्यापुरता मात्र फोटो पुष्कळदा पुरतो.

भाऊंचं उत्तर अर्ध्या तासाने आलं. त्यात एक ओळ होती : `C:\Users\Admin\Desktop\olmi.jpg`. आणि खाली, ‘आता दिसलं?’

मी लिहिलं, ‘भाऊ, हा तुमच्या लॅपटॉपच्या आतला पत्ता आहे. कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे असं तुम्ही मला फोंड्याला कळवलंत, पण कपाट वाळपईला आहे.’ ही उपमा त्यांना पटली असावी, कारण त्यांनी कपाट बदललं. पुढच्या मेलमध्ये गूगल ड्राईव्हची लांबलचक लिंक आली. दाबली, तर समोर कुलूप आणि परवानगी मागायचं बटण. मी परवानगी मागितली. ती मागणी भाऊंच्या मेलवर गेली असणार आणि भाऊंनी ती फसवणुकीची मेल समजून पुसली असणार, कारण बँकेने त्यांना तसं शिकवलंय. ‘शेअर’मध्ये जाऊन ‘रिस्ट्रिक्टेड’च्या जागी ‘एनीवन विथ द लिंक’ करा, असं मी लिहिलं. त्यावर आलं, ‘सर, कुणालाही कशाला? अळमी सापडलेली जागा लोकांना कळेल.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अळमीची वारुळं माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही.

साडेअकरा झाले. मी फोनच केला. वहिनींनी उचलला, भाऊ आंघोळीला गेले होते. पलीकडे पावसाचा आवाज आणि पाट्यावर काहीतरी वाटल्याचा. ‘वहिनी, ती अळमी वारुळावरची होती का?’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘ह्यांनी आणली, मला काय ठाऊक? पण थांबा, मी फोटो धाडते, माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पटकन जातो.’ मी म्हटलं, असा धाडा की नुसतं नाव नको, चित्र दिसलं पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘सर, मी रोज नातवाला धाडते.’

फोन ठेवला. टिंग झालं. दीड तासात पहिल्यांदा माझ्या पडद्यावर अक्षरं नव्हती, कंस नव्हता, कुलूप नव्हतं. लख्ख, मोठा, रंगीत फोटो होता : पितळी टोप, त्यात भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची गडद तपकिरी शाकुती, वर तेलाचा तवंग, कडेला रटरटीचे बुडबुडे. खाली वहिनींनी लिहिलं होतं, ‘वरच्या फोटोत बघून सांगा, भात लावू ना?’

मी लिहिलं, ‘वहिनी, फोटो उत्तम दिसतोय. अळमी दिसत नाही. गॅस बंद करा, झाकण ठेवा, कुणी चव बघू नका, आणि साफ करताना काढलेले देठ टाकले असतील ते शोधून त्यांचा फोटो काढा.’

दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं :

`IMG-20240811-WA0006.jpg`