'180/20' एवढं लिहून भागतं का?

वाचकाची प्रतिक्रिया: "मी बारा वर्षं परचेसमध्ये आहे. '5 प्लाय, 180/20' असं लिहिलं की भोसरीतला कुठलाही बॉक्सवाला दुपारपर्यंत कोटेशन देतो. तुम्ही सांगता तसं थप्पीचा भार, कॉम्प्रेशन, बॉक्सचं वजन वगैरे एन्क्वायरीत लिहिलं तर छोटे सप्लायर उत्तरच देणार नाहीत. लहान उद्योजकांना उगाच घाबरवू नका."

नमस्कार. नवीन वाचकांसाठी: '180/20' म्हणजे 180 जीएसएम, 20 बीएफचा कागद. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बीएफ म्हणजे कागद फुटायला किती दाब लागतो त्याचा गुणांक. 5 प्लाय म्हणजे तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये वळ्यांचे दोन, ज्यांना फ्लूट म्हणतात. तुमचा एक मुद्दा आधीच मान्य करतो. बऱ्याच छोट्या बॉक्सवाल्यांकडे कॉम्प्रेशन टेस्टर, म्हणजे वरून दाबल्यावर बॉक्स किती भार पेलतो ते मोजायचं यंत्र, नसतो आणि नुसता 'इतके किलो कॉम्प्रेशन' असा आकडा पाहिला की ते एन्क्वायरी बाजूला ठेवतात. पुठ्ठ्याच्या बॉक्सची एन्क्वायरी कशी लिहावी यावरच्या माझ्या लेखात हे यायला हवं होतं. पण दुपारपर्यंत आलेली ती कोटेशन्स एकाच बॉक्सची असतात का, याबद्दल माझा अनुभव वेगळा आहे.

तीन वर्षांपूर्वी चाकणच्या आमच्या युनिटसाठी मीही अशीच एक ओळ पाठवली होती: 400 × 300 × 250 मिलिमीटर, 5 प्लाय, 180/20, एक रंग प्रिंट, वर्षाला 24,000. भाव आले 36, 39 आणि 43 रुपये. मी 36 वाल्याला ऑर्डर दिली. एका बॉक्सात 14 किलो माल, गोडाऊनमध्ये सहा-सहाची थप्पी. मेपर्यंत सगळं ठीक चाललं. जुलैत खालचे बॉक्स कोपऱ्यांतून बसायला लागले आणि एका सकाळी दोन थप्प्या आडव्या झालेल्या सापडल्या.

त्यातला एक बॉक्स घरी आणला, रात्रभर पाण्यात भिजवला आणि सकाळी पाचही कागद सुटे केले. खळ धुऊन ते पूर्ण वाळवले आणि प्रत्येकाचा 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. असा तुकडा जितके ग्रॅम भरतो, त्याच्या शंभरपट त्या कागदाचा जीएसएम. सर्वांत बाहेरचा कागद 1.8 ग्रॅम भरला, म्हणजे बरोबर 180. मधला आणि आतला 1.4. फ्लूटचे दोन्ही कागद जेमतेम 1.0.

सप्लायरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, वरचा कागद 180/20 दिलाय ना? बाकीच्यांचं तुम्ही काही लिहिलंच नव्हतं." आणि ते खरंच होतं. 43 वाल्याने त्याच ओळीचा अर्थ 'तिन्ही सपाट कागद 180/20, फ्लूट 120/16' असा लावला होता. दोघांनीही फसवलं नव्हतं. माझ्या एका ओळीत दोन वेगळे बॉक्स बसत होते.

आता हिशोब पाहा. कागदाचा जीएसएम गुणिले बीएफ, भागिले 1000, म्हणजे त्या कागदाचा बीएस, अर्थात बर्स्टिंग स्ट्रेंग्थ. बोर्डासाठी सपाट कागदांचा पूर्ण धरायचा आणि फ्लूटच्या कागदांचा निम्मा. 43 वाल्याचा बोर्ड 12.7 च्या आसपास जातो. माझ्याकडे आलेल्या बॉक्सचे आतले कागद 16 बीएफचे धरले तर तो 9.7 वर थांबतो. हा फरक बॉक्स न फाडताही दिसतो, कारण तो वजनात उतरतो. या मापाच्या एका बॉक्सला साधारण 0.8 चौरस मीटर बोर्ड लागतो आणि फ्लूटचा कागद वळ्यांमुळे सुमारे 1.4 पट जातो. तसं धरलं तर भारी बॉक्स 700 ग्रॅमच्या थोडा वर आणि माझा बॉक्स 600 च्या जवळ. शंभर ग्रॅमचा फरक साध्या किचन काट्यावरही कळतो. म्हणूनच मी 'रिकाम्या बॉक्सचं किमान वजन' एन्क्वायरीत लिहायला सांगतो. त्याला कुठलीही लॅब लागत नाही आणि छोट्यातला छोटा बॉक्सवालाही ते लिहून देतो.

थप्पीचा भार मात्र बीएसमधून कळत नाही. बीएस म्हणजे बोर्ड दाबून फोडायला लागणारा जोर, आणि थप्पी उभी राहते ती उभ्या फ्लूटच्या जोरावर. कागद उत्तम असला तरी फ्लूट चेपला असेल तर बीएस ठीक येतो आणि बॉक्स बसतो. माझ्या त्या बॉक्सचा बोर्ड व्हर्नियरने मोजला तेव्हा 6 मिलिमीटरच्या ऐवजी 5 भरला होता. चिमटीत धरून दाबला की मऊ लागायचा. चेपला होता प्रिंटिंगमध्ये. आमच्या मार्केटिंगने दोन बाजूंना भरीव निळा पट्टा मागितला होता आणि तो गडद यावा म्हणून मशीनवर दाब वाढवला गेला. एन्क्वायरीत मी फक्त 'एक रंग' लिहिलं होतं, पट्टा भरीव आहे हे लिहिलंच नव्हतं. आता आर्टवर्क सोबत पाठवतो, पट्ट्याऐवजी रेघांचा लोगो ठेवतो आणि स्टिरिओचा, म्हणजे छपाईच्या ठशाचा, खर्च बॉक्सच्या भावात न मिसळता वेगळा मागतो.

मग सप्लायरला काय सांगायचं? कॉम्प्रेशनचा आकडा त्याने काढायचा नाही, आपण काढून द्यायचा. सहाच्या थप्पीत सर्वांत खालच्या बॉक्सवर पाच बॉक्सांचा भार येतो: 14 गुणिले 5, म्हणजे 70 किलो. पावसाळ्यातली दमट हवा बोर्डाची ताकद निम्म्यावर आणू शकते, आठवडेच्या आठवडे भार राहिला की ती आणखी उतरते, आणि पॅलेटबाहेर कोपरा लटकला तर वेगळंच. म्हणून मी चौपट धरतो, 280 किलो. पहिल्या लॉटमधले काही बॉक्स एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये आम्ही आमच्या खर्चाने तपासून घेतो. सप्लायरला एवढं सांगितलं की तो बिचकत नाही.

मापाचं थोडक्यात सांगतो: 'आतलं माप' हे शब्द लिहाच. 6 मिलिमीटरच्या बोर्डात बाहेरचं माप धरलं गेलं तर लांबी-रुंदी 12-12 मिलिमीटरने घटते. उंचीत वरखाली फ्लॅपचे दोन-दोन थर येतात, म्हणून तिथे 24.

वार्षिक संख्येबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण भाव तिथेच घसरतो किंवा चढतो. '24,000' एवढंच लिहिलं तर एक जण एकदम उचल धरतो, दुसरा महिन्याला 2,000 धरतो. महिन्याचा लॉट, किती दिवसांत डिलिव्हरी आणि कागदाचा भाव हलला तर काय, हे तिन्ही लिहा. इथे बॉक्सचं वजन परत कामाला येतं: 700 ग्रॅमचा बॉक्स असेल तर कागद किलोमागे एक रुपयाने वाढल्यावर वेस्टेज धरून बॉक्समागे पाऊण रुपयाच्या आसपास फरक पडायला हवा. कोणी दोन रुपये मागितले तर बोलायला तुमच्या हातात काहीतरी असतं.

तुमचे बॉक्स 200-300 च्या लॉटमध्ये, हलक्या मालासाठी आणि थेट कुरिअरला जात असतील, तर तुमची एक ओळ पुरेशी आहे. मीही तिथे तीच लिहीन. थप्पी लागत असेल तर नाही.

आणि वजन तपासताना एक जपा. दमट बॉक्स जास्त भरतो. पावसाळ्यात गाडीतून उतरलेला बॉक्स लगेच काट्यावर ठेवू नका. दोन दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा आणि मग मोजा. आमच्याकडे एका ऑगस्टमध्ये 710 ग्रॅम भरलेला बॉक्स असा वाळल्यावर 660 वर आला होता, आणि तो लॉट आम्ही परत पाठवला.