अर्ध्याचं अर्धं करत धावणारा दहाव्या सेकंदाला पोहोचतो

"शंभर मीटर धावायचंय. आधी अर्धं अंतर, मग उरलेल्याचं अर्धं, मग जे उरलं त्याचं अर्धं... (१) टप्पे अनंत आहेत आणि प्रत्येकाला थोडा तरी वेळ लागणारच, मग एकूण वेळ अनंतच होणार. (२) गणितवाले १/२ + १/४ + १/८... ची बेरीज १ येते म्हणतात, पण ते 'जवळपास १' असतं, बरोबर १ कधीच होत नाही. (३) पोहोचतच असेल, तर शेवटचा टप्पा कोणता ते दाखवा. (४) ग्रीक तत्त्वज्ञ झेनोचं हे कोडं अडीच हजार वर्षांत कुणालाही सुटलेलं नाही."

धावणारा कधीच पोहोचत नाही असं म्हणणाऱ्याची ही विधानं. चारही विधानांत गफलत वेगवेगळ्या जागी आहे, म्हणून एकेक घेतो. पहिल्यावर जास्त वेळ देणार आहे, कारण खरी गाठ तिथेच आहे.

पहिलं विधान

धावपटू सेकंदाला १० मीटर अशा एकसारख्या वेगाने धावतोय असं धरू. पहिल्या ५० मीटरना त्याला ५ सेकंद लागतात. पुढच्या २५ मीटरना २.५ सेकंद, त्यापुढच्या १२.५ मीटरना १.२५ सेकंद. वेग तोच असल्यामुळे अंतर अर्धं झालं की वेळही अर्धा होतो. दहा टप्पे झाले की अंतिम रेषा ९.८ सेंटिमीटरवर येते आणि घड्याळात एक शतांश सेकंदाहूनही कमी वेळ उरलेला असतो. वीस टप्पे झाले की उरलेलं अंतर एक दशांश मिलिमीटरच्या आत, साधारण केसाच्या जाडीइतकं. म्हणजे टप्प्यांची संख्या वाढतच राहते, पण ते सगळे १० सेकंदांच्या आतच बसतात. विधान करणाऱ्याने टप्पे मोजले आणि आपण सेकंद मोजले असं तो समजला.

हे कागदावर बघता येतं. चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चा चौकोन आखा, म्हणजे २५६ घरं. पेन्सिलने १२८ घरं रंगवा, मग ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि १. आठ टप्प्यांत २५५ घरं भरली आणि एक घर कोरं राहिलं. आता प्रत्येक टप्प्याला थांबून कोरी घरं मोजा. जेवढी घरं आत्ता रंगवली, तेवढीच कोरी उरलेली दिसतील: ६४ रंगवल्यावर ६४ कोरी, ८ रंगवल्यावर ८ कोरी. शेवटचं कोरं घरही असंच चिरत जा. तुकडे कितीही केले तरी आखलेल्या चौकोनाबाहेर पेन्सिल जाणार नाही, आणि चौकोनातला कोणताही बिंदू कायमचा कोरा राहणार नाही, फक्त कडेवरचे बिंदू सोडून. आणि कडेला क्षेत्रफळ नसतं.

१/२, १/४, १/८ अशा, प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळणाऱ्या बेरजेला भूमितीय श्रेणी म्हणतात. ती गुणणारी संख्या, म्हणजे सामाईक गुणोत्तर, शून्य ते १ च्या मध्ये असलं की बेरीज एका ठरावीक संख्येवर जाऊन स्थिरावते. अशा श्रेणीला अभिसारी म्हणतात. बेरीज काढायची रीत सोपी: पहिलं पद भागिले (१ वजा गुणोत्तर). आपल्या धावपटूचे सेकंद: ५ ÷ (१ − १/२) = १०.

इथे झेनोला उत्तर देणारे बरेच लोकही एक चूक करतात, आणि ती मला विरोधकाच्या चुकीइतकीच खटकते. ते म्हणतात, "तुकडे लहान लहान होत जातात ना, म्हणून बेरीज मर्यादित." हे कारण पुरत नाही. समजा टप्प्यांना ५, ५/२, ५/३, ५/४, ५/५ असे सेकंद लागले. हेही तुकडे लहान होत शून्याकडे जातात. पण सगळ्यांतला ५ बाजूला ठेवून गट पाडून बघा. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ ही चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, कारण चारांतलं सर्वांत लहान पदच १/८ आहे. १/९ ते १/१६ मिळूनही तसंच. दर गटाला निदान अर्ध्याची भर पडते आणि गट संपत नाहीत, म्हणून बेरीज हवी तेवढी मोठी होते. हा युक्तिवाद चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने मांडला. तेव्हा तुकडे नुसते लहान होऊन भागत नाही, ते पुरेशा वेगाने लहान व्हावे लागतात.

मग खरोखर कधीच न पोहोचणारा धावपटू असू शकतो का? असू शकतो. दर टप्प्याला त्याचा वेगही अर्धा होतोय असं धरा. पहिले ५० मीटर सेकंदाला १० मीटरने, पुढचे २५ मीटर सेकंदाला ५ मीटरने, त्यापुढचे १२.५ मीटर २.५ ने. प्रत्येक टप्प्याला बरोबर ५ सेकंद लागतात. ५ + ५ + ५... ही बेरीज कुठेच थांबत नाही आणि हा माणूस रेषेच्या अलीकडेच राहतो. "दर उडीला उरलेल्याचं अर्धं जाणारा बेडूक" या रूपात कोडं ऐकलं की ते पटतं, कारण प्रत्येक उडीला सारखाच वेळ लागतो असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. त्या बेडकाबद्दल निष्कर्ष बरोबरच आहे. तो उचलून एकसारख्या वेगाने धावणाऱ्या माणसाला लावला की गोंधळ होतो.

या दोघांच्या मधला एक धावपटू मला फार आवडतो. तो दमतोय, पण अर्ध्याने नाही: दर टप्प्याला वेग आधीच्या ०.८ पट होतो. त्याचा वेगही शून्याकडेच जातोय. अंतर ०.५ पट, वेग ०.८ पट, म्हणून वेळ ०.५ ÷ ०.८ = ०.६२५ पट. टप्पे ५ सेकंद, ३.१२५ सेकंद, १.९५ सेकंद असे. गुणोत्तर १ च्या आत आहे, तेव्हा एकूण ५ ÷ ०.३७५, म्हणजे १३.३३ सेकंद. हळूहळू थबकत, पण पोहोचतो. थोडक्यात, अंतराचं अर्धं-अर्धं बघून काहीच ठरत नाही. बघायचं ते वेळेचं गुणोत्तर.

दुसरं विधान

हा आक्षेप प्रामाणिक आहे. वर्गातली चांगली मुलं हाच विचारतात. दहा पदांची बेरीज १ पेक्षा कमी, लाख पदांची बेरीजही १ पेक्षा कमी. हे खरं आहे. पण मोजक्या पदांची बेरीज आणि सगळ्या श्रेणीची बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजक्या पदांच्या बेरजा कोणत्या संख्येजवळ हव्या तितक्या जातात आणि तिथेच राहतात, ती संख्या म्हणजे श्रेणीची बेरीज. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये सीमेच्या आधारे बेरजेचा हा अर्थ नीट बांधून दिला. जवळ जातात त्या बेरजा. ती संख्या स्वतः कुठे जात नाही, ती १ आहे.

१ नसेल तर दुसरी कोणती? समजा कुणी म्हणालं ०.९९९९. चौदा पदं मिळवा: १ − १/१६३८४, म्हणजे ०.९९९९३... त्याची संख्या मागे पडली. तो आणखी नऊ वाढवेल, आपण आणखी काही पदं मिळवू. १ पेक्षा लहान कोणतीही संख्या अशी ओलांडली जाते आणि १ मात्र कधीच ओलांडला जात नाही. मग १ सोडून दुसऱ्या कुठल्या संख्येला जागाच उरत नाही.

एक इशारा. "बेरीज ब धरा; ब = १/२ + ब/२; म्हणून ब = १" ही पटकन होणारी रीत पुष्कळ ठिकाणी दिलेली असते. तीच रीत १ + २ + ४ + ८... ला लावा: ब = १ + २ब, म्हणजे ब = −१. धन संख्यांची बेरीज ऋण! श्रेणी अभिसारी आहे हे आधी दाखवलं असेल तरच ही रीत वापरता येते.

तिसरं विधान

शेवटचा टप्पा नाहीच. हे मी मान्य करतो. पण पोहोचायला तो लागतो हे कुठून आलं? प्रत्येक टप्पा दहाव्या सेकंदाच्या आधी संपतो, आणि दहाव्या सेकंदाला धावपटू १०० मीटरवर असतो. १ पेक्षा लहान संख्यांत सर्वांत मोठी कोणतीच नसते, म्हणून संख्यारेषेवर १ गायब होत नाही. टप्प्यांच्या खुणा आपण पाडल्यात. धावपटू प्रत्येक खुणेला थांबून पुढच्या खुणेला निघत नाही.

चौथं विधान

झेनो दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक वसाहतीतला, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. त्याचे युक्तिवाद मुख्यतः ॲरिस्टॉटलमुळे आपल्यापर्यंत पोहोचले, आणि ॲरिस्टॉटलनेच उत्तराचा अर्धा भाग देऊन ठेवला: अंतराचे जितके भाग पडतात, तितके वेळेचेही पडतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने अन्वस्ताचं क्षेत्रफळ काढताना १ + १/४ + १/१६... ची किंमत ४/३ आहे हे तर्काने पक्कं केलं. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरच्या भाष्यात १/४ + १/१६ + १/६४... म्हणजे १/३ कसं, याची चर्चा केली. १६४७ मध्ये ग्रेगरी ऑफ सेंट व्हिन्सेंटने भूमितीय श्रेणी थेट झेनोच्या दुसऱ्या कोड्याला, अकिलीस आणि कासवाच्या शर्यतीला लावून ते कुठे भेटतात ते काढलं. तेव्हा 'कुणालाही नाही' हे खरं नाही.

श्रेणी कुठवर पुरते तेही सांगायला हवं. 'किती वेळात आणि कुठे' याचं ती पूर्ण उत्तर देते. अनंत कृती पुऱ्या करता येतात का, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न निराळा आहे. जेम्स थॉमसनने १९५४ मध्ये एक दिवा कल्पिला: पहिल्या टप्प्याला लावला, दुसऱ्याला विझवला, तिसऱ्याला पुन्हा लावला, आणि टप्पे आपल्या धावपटूसारखेच अर्धे-अर्धे होत गेले. मग शेवटच्या क्षणी दिवा लागलेला असेल की विझलेला? इथेही सेकंदांची बेरीज तीच. पण दिव्याची अवस्था १, ०, १, ० अशी उड्या मारत राहते आणि कुठेच स्थिरावत नाही, म्हणून त्या क्षणी काय असेल ते श्रेणीवरून निघत नाही. धावपटूची जागा ५०, ७५, ८७.५ अशी एकाच दिशेने १०० कडे सरकते आणि धावण्यात मध्येच उडी नसते. म्हणून दहाव्या सेकंदाला तो १०० मीटरवर असतो.