जेईई मेन: करेक्शन विंडोत मोबाइल नंबर बदलत नाही

«जेईई मेनच्या फॉर्मला जुना नंबर दिलाय? टेन्शन नको. करेक्शन विंडो उघडली की मोबाइल, ईमेल बदला. आधारला नवा नंबर जोडलात तर पोर्टलवर आपोआप येतो. नाहीच जमलं तर नवा फॉर्म भरा. लॉक वगैरे सगळा मुलांना छळण्याचा प्रकार आहे.»

असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने २०२४ आणि २०२५ च्या जेईई मेनला करेक्शन विंडो दिली, तेव्हा न बदलता येणाऱ्या गोष्टींच्या यादीत मोबाइल, ईमेल आणि पत्ता होते. म्हणजे विंडोची वाट बघत बसणारा नेमका तिथेच अडकतो.

आधारचं तर काही संबंधच नाही. तिथला नंबर यूआयडीएआयकडे बदलतो. फॉर्म भरताना तुम्ही दिलेला आणि ओटीपीने पक्का केलेला नंबर परीक्षेच्या पोर्टलकडे वेगळा साठवलेला असतो.

नवा फॉर्म हा सल्ला सगळ्यांत घातक. एका उमेदवाराने एकच अर्ज करायचा असा नियम आहे. एकाहून जास्त अर्ज सापडले तर कारवाई होते.

आता छळाबद्दल. पासवर्ड विसरला तर तो नव्याने लावायचा कोड याच नंबरवर किंवा लिंक याच ईमेलवर येते. नुसत्या लॉगिनवर हे दोन्ही बदलता आले असते, तर ज्याच्या हाती पासवर्ड तो खातं कायमचं आपल्याकडे वळवू शकला असता. आपल्याकडे किती फॉर्म नेट कॅफेत भरले जातात आणि पासवर्ड तिथल्याच वहीत लिहिलेला असतो, हे आठवा. अर्थात कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकला असेल, तर हेच कुलूप तुमच्यावर उलटतं.

मग करायचं काय? पोर्टलवरचा नंबर बदलण्यापेक्षा जुना नंबरच परत मिळवा. समजा, आईचं प्रीपेड सिम रिचार्जविना बंद पडलंय. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, म्हणून आधी त्यावर फोन लावून बघा. अनोळखी माणसाने उचलला तर नंबर गेला. मग नोंदवलेला ईमेल तरी हातात ठेवा आणि त्याचा पासवर्ड आजच बदला. नंबर कुणाला गेला नसेल तर कंपनीच्या गॅलरीत जाऊन तो चालू होतो का विचारा. सिम हरवलं असेल तर त्याच नंबरचं डुप्लिकेट मिळतं, पण नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. अर्जाच्या शेवटच्या दिवशी गॅलरी गाठणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. सिम आईच्या नावावर असेल तर ओळखपत्र घेऊन आईलाच जावं लागतं. कंपनी बदलायची असेल तर पोर्ट करा, नंबर तोच राहतो.