ईच अँड एव्हरी भाऊसाहेब

ऑफिसच्या एसींची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, रिन्यू करायची आहे, व्हेंडरला पाठवायचं पत्र भाऊसाहेबांनी लिहून ठेवलं होतं आणि साहेब जाता जाता म्हणाले, "जरा नजर टाक यावर." टाकली. पहिलं वाक्य असं: 'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड अँड इंटिमेटेड दॅट ईच अँड एव्हरी युनिट शुड बी चेक्ड अँड इन्स्पेक्टेड प्रायर टू अँड बिफोर समर सीझन, अँड काइंडली प्लीज रिव्हर्ट बॅक.' वाचतानाच घाम फुटला, आणि एसी चालू होता.

मी पेन काढलं. माझी पद्धत साधी आहे, जोडीतला एक शब्द झाकायचा आणि बघायचं की कोणी सुटतंय का. 'ईच' झाकला, एव्हरी युनिटमधून एक तरी एसी निसटला का? नाही ना, मग काट मारायची. 'इन्फॉर्म्ड'ची तर दोन्ही भावंडं गेली, कारण आपण सांगतोय हे पत्र हातात आल्यावर त्याला कळतंच. 'प्लीज' असताना 'काइंडली' कशाला? आणि 'बॅक' तर 'रिव्हर्ट'च्या पोटातच आहे. एवढं काढल्यावर खरी गंमत दिसली, ती म्हणजे समर सीझनच्या आधी म्हणजे नक्की कधी, हे पत्रात कुठेच नव्हतं! एवढी शब्दांची गर्दी, आणि तारीख नाही. 'प्लीज इन्स्पेक्ट एव्हरी युनिट बाय 31 मार्च अँड कन्फर्म' असं करून भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं, मग म्हणाले, "अरे बाळा, बाकीचं कुठाय?"

"एवढंच आहे."

"एवढंच? हे पत्र आहे की बसचं तिकीट?"

मी समजावलं की ईच आणि एव्हरी इथे एकच काम करतात. ते म्हणाले, "एकच करत असतील, पण दोघं मिळून करतात. एकटा एव्हरी बघून व्हेंडर म्हणेल, यांना फारशी गरज दिसत नाही." आणि मग त्यांनी असा मुद्दा काढला की मी दोन मिनिटं गप्प. "तू घरी साफसफाई करतोस की नाही? की नुसती सफाई करून साफ तशीच ठेवतोस? कागदपत्रं मागतोस ना? मग इंग्रजांनी केलं की चूक?"

आता यात तथ्य आहे, हेच त्रासदायक आहे. धनदौलत, कागदपत्र, आपल्याकडे संस्कृत आणि फारसी-अरबी शब्द शेजारी बसले. तिकडे इंग्लंडात 1066 मध्ये फ्रान्सहून नॉर्मन आले, पुढे कायद्याच्या भाषेत फ्रेंच घुसली, आणि 'गुड्स अँड चॅटल्स'सारख्या जोड्या वकिलांच्या बोटांत बसल्या त्या बसल्याच. म्हणून करारात 'नल अँड व्हॉइड' असेल तर मी हात लावत नाही, ते वकिलाचं काम. पण हे एसीवाल्याला पत्र आहे हो! हे सांगितलं तर म्हणाले, "वकिलाला चालतं आणि मला नाही?" आणि दोन्ही हात डोक्यामागे बांधून खुर्चीत मागे रेलले. बाजूच्या टेबलावरची मंडळी कामं सोडून आमच्याकडे बघत होती, त्यातल्या एकाने "भाऊसाहेब बरोबर बोलतायत" असंही ठोकून दिलं, ज्याचा एसीशी संबंध एवढाच की तो रिमोट लपवून ठेवतो.

शेवटी साहेब आत बोलवून म्हणाले, भाऊसाहेब, थोडं तरी छोटं करा. ते बाहेर आले आणि अत्यंत उदार मनाने एक जोडी उडवली. कुठली? पत्रात खाली असलेली 'रिपेअर ऑर रिप्लेसमेंट ऑफ पार्ट्स'! रिप्लेसमेंट गायब. "दोन्ही एकच की, तूच म्हणालास."

मी नव्हतो म्हणालो! ही जोडी नाहीच. रिप्लेसमेंट झाकून बघा, जळालेली फॅन मोटर बाहेर सुटते, म्हणजे व्हेंडर म्हणणार, दुरुस्ती होण्यासारखी नाही, नवी घ्या, हे बिल. आपण काँप्रिहेन्सिव्ह एएमसीचे, म्हणजे पार्टसकटचे पैसे भरतोय, आणि पार्ट बदलून देण्याचा शब्दच पत्रातून गेला. तो मी भांडून परत आणला. त्या बदल्यात भाऊसाहेबांनी ईच, इन्फॉर्म्ड, इंटिमेटेड, काइंडली सगळ्यांना परत बोलावलं, वर माझी 31 मार्च ठेवली पण 'ऑन ऑर बिफोर' लावून (आता 'बाय'चं काय वाईट होतं?).

साहेबांनी सही केली. पत्र गेलं. खाली 'प्रिपेअर्ड बाय'समोर माझी आद्याक्षरं आहेत, कारण भाऊसाहेब म्हणाले, "मेहनत तुझी आहे, श्रेय मी कसं घेऊ?"