ओव्हनचे छत आणि हळदीचा कागद

आमच्या ठाण्याच्या घरातील कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच्या छताकडे गेली चार वर्षे कोणीही पाहिलेले नव्हते, कारण ते पाहण्यासाठी ओट्यापुढे गुडघे टेकून, मान वळवून, डोके जवळजवळ आत घालावे लागते आणि ही आसने करण्याचे माझे वय राहिलेले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दहा बायका येणार, त्यांतील किमान दोघी स्वयंपाकघरात डोकावणारच, या विचाराने सौभाग्यवतींनी ते पाहिले. नंतर मलाही पाहायला लावले. वरणाचे शिंतोडे, पोह्यांतील मोहरी, एका रविवारी फुटलेले अंडे असा चार वर्षांचा कौटुंबिक इतिहास भिंतींवर होता. छतावर मात्र तपकिरी, चकचकीत, बोटाला न लागणारा असा थर होता, जणू कोणी पॉलिश मारून ठेवले असावे.

पहिला उपाय अर्थातच लिंबाचा होता. मी जांभळी नाक्यावरून लिंबे आणली. काचेच्या वाडग्यात सुमारे पाव लिटर पाणी, त्यात सालीसकट चिरलेले एक लिंबू आणि एक लाकडी चमचा ठेवला. चमच्याला कारण आहे: गुळगुळीत भांड्यातील पाणी मायक्रोवेव्हमध्ये उकळबिंदूच्या वर जाऊनही शांत बसते आणि हलवताच एकदम उसळून हातावर येते, चमचा आणि लिंबाच्या फोडी त्याला बुडबुडे फुटायला जागा देतात. पूर्ण शक्तीवर पाच मिनिटे चालवून दार न उघडता दहा मिनिटे थांबलो. खरे काम या दहा मिनिटांत होते, कारण वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते आणि वाळलेले वरण भिजून सैल पडते. दार उघडून फडके फिरवले, तर अंडेसुद्धा निमूटपणे निघाले.

माझ्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, ज्यांनी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि ज्यांच्यासमोर मी अजूनही हात मागे बांधून उभा राहतो. लिंबाने ओव्हन स्वच्छ झाल्याचे मी त्यांना कौतुकाने सांगितले. त्यांनी विचारले, "लिंबाचे आम्ल वाफेबरोबर वर जाते, असे तुम्हाला कोणी सांगितले?" सायट्रिक आम्ल उडत नाही, ते वाडग्यातच राहते. भिंतींवर बसते ते साधे पाणी आणि सालीतील थोडेसे सुगंधी तेल. म्हणजे स्वच्छता पाण्याने केली होती आणि श्रेय लिंबाने घेतले होते, हा प्रकार मी नोकरीत अनेकदा पाहिलेला असल्यामुळे मला लगेच पटला. आम्लाचा खरा उपयोग हवा असेल, तर वाडग्यातले पाणी निवल्यावर त्यातच फडके बुडवून पुसावे. बोंबलांचा वास त्याने जातो, कारण माशाच्या वासातील अमाइन नावाची द्रव्ये अल्कधर्मी असतात आणि आम्ल त्यांना धरून ठेवते.

छताला मात्र ना वाफेची दखल होती ना आम्लाची. याचेही कारण बाईंनीच सांगितले, आणि ते आमच्या घरातच होते. बिडाचा तवा नवा आणला की आपण त्याला तेल लावून पुन्हा पुन्हा तापवतो, तेव्हा तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक कठीण, काळसर थर तयार होतो, ज्यामुळे डोसा चिकटत नाही. कन्व्हेक्शनमध्ये दोनशे अंशांवर पनीर टिक्का भाजताना उडालेल्या तेलाचे छतावर नेमके तेच झाले होते. तव्यावर जे आम्ही कौतुकाने जपतो, तेच छतावर आम्हाला घाण वाटत होते. हा थर पाण्यात विरघळत नाही, भिजून सुटतही नाही.

इथपर्यंत ऐकून मी शहाणा व्हायला हवे होते. त्याऐवजी मी दुकानातून ओव्हन साफ करण्याचा फेसाचा डबा आणला.

या फेसांतील पुष्कळांचा मुख्य घटक कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, असतो. तो चरबीशी मिळून तिचा साबण करतो आणि साबण मग पाण्याने निघतो. जुन्या काळी साबण करणारे हेच करत असत, फक्त ते ओव्हनच्या आत डोके घालून करत नसत. मी डबा हलवला, छतावर फेस मारला आणि त्यानंतर डब्यावरील बारीक मजकूर वाचायला घेतला. हा क्रम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मजकुरात लिहिले होते की हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, अ‍ॅल्युमिनियमवर आणि तापविणाऱ्या सळयांवर मारू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये वापरू नये. तोपर्यंत माझा घसा खवखवू लागला होता आणि उजव्या हाताची बोटे एकमेकांवरून शेवाळावर घसरल्यासारखी घसरत होती. हा गुळगुळीतपणा म्हणजे आपल्याच कातडीवरील चरबीचा साबण होऊ लागल्याची खूण असते. व्हिनेगर लावू का, असे मी विचारले, बाई फोनवर गरजल्या, "त्वचेवर काहीही चोळू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे हात धरा." मी बेसिनपाशी उभा राहिलो आणि सौ. खिडक्या उघडत, माझ्याविषयी आईशी बोलत राहिल्या.

फेसाने काम चोख केले, हे मान्य केले पाहिजे. दहा मिनिटांनी छतावरून काढ्याच्या रंगाचे पाणी ओघळू लागले आणि खाली पांढरी भिंत दिसली. पण काढा केवळ छतावर राहिला नव्हता. तो फिरत्या ताटाखालच्या खाचेत, स्क्रूंच्या भोवती, दाराच्या कडेला आणि बाजूच्या भिंतीवरील त्या पुठ्ठ्यासारख्या चौकोनावर उतरला होता, ज्याला दुरुस्तीवाले माईका शीट म्हणतात. मायक्रोवेव्ह लहरी त्यामागूनच आत येतात. ही शीट तेलकट झाली किंवा ओली राहिली तर जळून ठिणग्या उडतात. दुसऱ्या दिवशी आलेल्या दुरुस्तीवाल्याने ती काढून नवी कापून बसवली. मागचे आवरण उघडून आत पाहू का, असे मी सहज विचारले, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली राहू शकते.

आता मुख्य प्रश्न उरला: मी दोनदा ओल्या फडक्याने पुसले होते, पण गेले किती आणि राहिले किती? "एकदा रिकामा तापवून घ्या, सगळे उडून जाईल," असा सल्ला मला तीन जणांनी दिला. यातील निम्मे खरे आहे. फेसातील द्रावकांचा आणि फुगवणाऱ्या वायूचा उरलासुरला वास कन्व्हेक्शनवर तापवून, खिडक्या उघड्या ठेवून, बराच घालवता येतो. मायक्रोवेव्हवर मात्र रिकामा कधीच चालवू नये, कारण लहरी शोषायला आत काही नसले की त्या यंत्रालाच त्रास देतात. पण कॉस्टिक सोडा उडत नाही. त्याचा उकळबिंदू 1388 अंश सेल्सिअस आहे, आणि तेवढे तापमान गाठले तर ओव्हनच उडून जाईल. तो केवळ पुसूनच निघतो.

बाईंनी मग चाचणी सांगितली. एक चमचा हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळायची, गॅसपासून दूर. वरच्या पिवळ्या द्रवात टिपकागद बुडवून सावलीत वाळवायचा आणि पट्ट्या कापायच्या. ज्या जागेची शंका असेल तिथे पाण्याचे दोन थेंब लावून त्यावर पट्टी दाबायची. पिवळी राहिली तर ठीक, लालसर झाली तर अल्कली शिल्लक आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो ते याच कारणाने, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू होते तेही याच कारणाने. हळदीकुंकवासाठी आणलेल्या हळदीतून मी पट्ट्या केल्या आणि स्वच्छ दिसणाऱ्या ओव्हनमध्ये दाबल्या. सोळा पट्ट्यांपैकी अकरा लाल झाल्या. डोळ्यांना लखलखीत दिसणाऱ्या कोपऱ्यांनीच सर्वांत गडद कुंकू दिले.

त्यानंतरची कृती सोपी पण कंटाळवाणी होती. प्लग काढून, हातमोजे घालून, एक कप पाण्यात एक चमचा व्हिनेगर घातलेल्या फडक्याने सर्व कोपरे पुसले, ज्याने अल्कली मारली जाते. नंतर साध्या पाण्याच्या तीन वेगवेगळ्या फडक्यांनी पुसले, ज्याने मारलेले बाहेर निघते. खाचेसाठी जुना टूथब्रश घेतला. दुसऱ्या फेरीत पाच पट्ट्या लाल, तिसऱ्या फेरीत सर्व पिवळ्या. व्हिनेगरचा अंश मागे राहिला तरी त्याने काही बिघडत नाही. फेसातील साबणी द्रव्ये मात्र हळद पकडत नाही, म्हणून पुसलेल्या भिंतीवर बोट फिरवून घसरते का आणि दार बंद ठेवून तासाने उघडल्यावर वास येतो का, हे वेगळे पाहावे लागले. रात्रभर दार उघडे ठेवून वाळवले.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, मी शेवटची पट्टी सर्वांसमोर दाबून ती पिवळी राहिल्याचे दाखवले. आईने शांतपणे उडदाचा पापड एक मिनिट मायक्रोवेव्ह केला, ओल्या बोटाने त्यावर थेंब टेकवला आणि माझ्याकडे पट्टी मागितली. ती लाल झाली.

"विष!" मी ओरडलो.

"पापडखार," आई म्हणाली, आणि तिने अर्धा पापड मोडून तोंडात टाकला.

मी बाईंना फोन केला. त्यांनी सांगितले की पापडखार मुख्यतः सोडियम कार्बोनेट असतो, आणि गंमत म्हणजे कॉस्टिक सोडा हवेत उघडा पडला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू तोच होतो. हळद केवळ अल्कली आहे एवढेच सांगते, कोणती आणि किती हे सांगत नाही. म्हणून आजीच्या पाककृतीतले प्रमाण आणि फेसाच्या डब्यातले प्रमाण यांत भेद आपल्यालाच करावा लागतो. "ओव्हनची भिंत पिवळी हवी, पापड लाल चालेल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवण्यापूर्वी संध्याकाळी किती वाजता यायचे ते विचारून घेतले.