उंची परत आली, मुंढा नाही

जुना पंजाबी ड्रेस बोहारणीसाठी काढला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘राहू दे गं, फॅशन फिरून येते.’ ते अगदीच खोटंही नाही. कमीजची उंची गेली साठ वर्षं खाली-वर होतेच आहे. १९६५ साली ‘वक्त’मध्ये आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांनी साधनाला अंगाबरोबरचा कुडता आणि चुडीदार दिला आणि देशभरच्या मुली श्वास जपून घ्यायला लागल्या. ऐंशीच्या दशकात सगळं सैल झालं. बाहीला फुगे आले, खांद्यात स्पंजच्या गाद्या आल्या, आणि किडकिडीत मुलगीही दारातून जरा तिरकी होऊन आत यायला लागली. नव्वदीत कमीज पोटरीकडे उतरली. पुढे पतियाळाबरोबर ती मांडीपर्यंत चढली, अनारकली होऊन जमिनीला टेकली, पॅन्टवर सरळ उभी राहिली, आणि आता फरशी सलवारीबरोबर पुन्हा आखडते आहे.

तर मुलीला माझा नव्वदीतला बॉटल ग्रीन ड्रेस सापडला. उंची ४४ इंच. दुकानात टांगलेल्या नव्या कुडत्यांचीही जवळपास तेवढीच. ‘आई, सेम टू सेम!’ म्हणत तिने तो घातला आणि उशीच्या अभ्र्यासारखी आरशासमोर उभी राहिली. उंची तीच, रंग आवडता, कापड आजच्यापेक्षा दणकट. मग बिघडलं कुठे? ते तिने केस बांधायला हात वर केले तेव्हा कळलं. हातांबरोबर अख्खी कमीज चार बोटं वर गेली.

‘मुंढा खोल आहे, ताई,’ टेलरकाका न मोजताच म्हणाले. नंतर बाही जोडतात तिथे, खांद्यापासून काखेपर्यंत टेप लावून त्यांनी साडेनऊ इंच भरवून दाखवले. मुलीला आठ पुरतात. सैल कपड्यांच्या त्या काळात मुंढा असा खाली उतरवत. त्यात वारा खेळतो, पण हात वर केला की काखेतलं ते जास्तीचं कापड बाजूची शिवण धरून वर ओढतं. मुंढा काखेजवळ असेल तर हात एकटाच वर जातो आणि कमीज जागेवर राहते. जुना ड्रेस ‘जुना’ दिसतो तो नव्वद टक्के इथे. बाकी सगळे उंची बघत बसतात.

‘मग मुंढा वर घ्या ना,’ मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. मुंढ्याचं कापड कापून गेलेलं असतं, ते कुठून आणणार? त्यासाठी खांदा उसवून कमीज तिथूनच वर उचलायची. पुढून एक इंच, मागून एक इंच. मुंढा साडेआठ होईल आणि अर्धा इंच सोसावा लागेल. पण खांद्याला धरून ओढलं की खालचं सगळं बिऱ्हाड वर सरकतं. सात इंचाचा पुढचा गळा सहाचा होतो (हे एक बरं झालं), कंबरेचा शेप बरगड्यांकडे निघतो, आणि बाजूचा कट इंचभर वर येतो. आमच्या वेळी कट असा खाली असे की चालताना कमीज गुडघ्याला अडायची. आताच्या मुलींना तो कंबरेजवळ लागतो. म्हणजे तेही बरंच झालं. कंबरेचा शेप मात्र उसवून खाली घ्यायचा.

आता बाही. पुढचा एक आणि मागचा एक धरून मुंढ्याचा घेर दोन इंचांनी कमी झाला आणि बाही मात्र जुन्या मापाची. ते दोन इंच कुठे जाणार? बाही काढून पुन्हा कापायची, नाहीतर जास्तीच्या कापडाच्या खांद्यावर चुण्या घालायच्या. ‘म्हणजे फुग्याची बाही?’ मी दचकून विचारलं. ‘पफ स्लीव्ह!’ मुलगी टाळी वाजवत म्हणाली. ज्या फुग्यांपायी आमचे त्या काळचे फोटो मी कुणाला दाखवत नाही, ते दोन इंचांच्या हिशेबात आपोआप परत आले.

हे चाललं असताना सलवारीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकांनी ती पसरली आणि घेर बघून म्हणाले, ‘यात चुडीदार बसेल.’ बसेल, पण सहज नाही. चुडीदार उरेब, म्हणजे तिरक्या धरलेल्या कापडात कापतात. कापड सरळ ठेवून पाय आखला तर ते ताणलं जात नाही. बसताना गुडघ्यावर शिवण उसवते आणि खाली चुड्यांऐवजी पाइप उभा राहतो. म्हणून आधी कापडाची पिशवी शिवायची, ती तिरकी फिरवायची आणि मग कापायची. तयार चुडीदार घेताना कापडातले धागे पायावर तिरके धावताहेत ना, एवढं पाहिलं तरी पुरे. सरळ धावत असतील तर कापड वाचलेलं आहे, ते टेलरचं.

शिवाय चुड्यांसाठी पायाच्या लांबीपेक्षा आठ-दहा इंच जास्त लागतात. सलवारीत एवढी लांबी सलग कुठली? जोड द्यावे लागणार. ‘जोड खाली चुड्यांत लपवतो,’ काका म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला चुड्यांचा खरा उपयोग समजला.

अशी चुडीदार घालताना तिची खालची अरुंद मोहरी टाचेवर अडते. पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, त्यावरून चुडीदार सरकवायची आणि बोटांकडून पिशवी ओढून काढायची, हे मी मुलीला तिथेच समजावून सांगितलं. लेगिंगच्या जमान्यात वाढलेली ती. आपली आई कुठल्यातरी गुप्त संघटनेत होती, अशा नजरेने बघत राहिली.

राहिला गळा. माझ्या ड्रेसचा गळा रुंद, खांद्याच्या टोकापर्यंत गेलेला, मागे डोरी आणि लटकन. मुलीला हवी बंद चायनीज कॉलर. कापड कमी करता येतं, वाढवता येत नाही, आणि गळ्याइतकं हे कुठेच जाचत नाही. खोली खांद्यातून उचलून भरते, रुंदी नाही. मग ठरलं की कमीज खालून सहा इंच तोडायची (तशीही आता आखूडच हवी होती) आणि त्या पट्टीतून गळ्याभोवती योक भरायचा.

पट्टी गळ्याशी धरली आणि रंग जुळेना. खांद्यांनी उन्हं खाल्लेली, खालचा घेर मात्र बराच गडद. शिवणीतली माया उसवून पाहिली, तर आत कापड काल रंगवल्यासारखं हिरवंगार, आणि जुन्या शिवणीची रेघ सुईच्या भोकांसकट लख्ख दिसत होती. म्हणूनच जुने कपडे सैल करून चालत नाही. माया कितीही ठेवलेली असो, ती बाहेर आली की आपण किती जाडलो ते बोटाने दाखवते.

‘राहू दे तसंच,’ मुलगी म्हणाली. ‘टू टोन.’

काकांनी वहीत मापं लिहिली आणि मजुरी सांगितली. नव्या ड्रेसच्या शिलाईपेक्षा जास्त. मी भुवया उंचावल्या.

‘ताई, शिवायला मशीन आहे,’ ते कात्री बाजूला ठेवत म्हणाले. ‘उसवायला मी एकटा.’ आणि मग वहीत बघून, ‘टू टोनचे वेगळे लावलेत हं.’