पाच हजार पक्ष्यांचे शेड आणि अडीच वर्षांचा हिशेब

«५,००० पक्षी, सव्वादोन किलो वजन, किलोला ८ रुपये जीसी, म्हणजे बॅचला ९० हजार. वर्षाला सात बॅच, म्हणजे सव्वासहा लाख. १५ लाखांचे शेड अडीच वर्षांत फिटते. मर झाली तरी पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, शेतकऱ्याचे काही जात नाही. शेड वीस वर्षे टिकते, म्हणजे पुढची साडेसतरा वर्षे निव्वळ नफा.»

कंपनीशी करार करून ब्रॉयलर कोंबड्या वाढवण्याचा हा मजकूर गेले काही आठवडे शेतकऱ्यांच्या गटांतून फिरतो आहे. त्यातला जीसी म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, «मामा, बँकेत कागद देऊन टाकू का?» कागद म्हणजे जमिनीचा उतारा. त्यामुळे या हिशेबाला उत्तर देणे भाग आहे, आणि ते गोडीगुलाबीने देण्याची माझी तयारी नाही.

आधी त्यात जे खरे आहे ते मान्य करतो. करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध आणि लस कंपनी देते, आणि बाजारभावाची जोखीमही कंपनीच उचलते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा, किंवा २०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेने चिकनचे भाव कोसळले तेव्हा, स्वतःच्या पैशाने पक्षी भरणाऱ्यांचे जे हाल झाले, त्यांतून करारवाला शेतकरी बऱ्याच अंशी वाचतो. किलोला ८ रुपये हा दरही मी वाद न घालता धरून चालतो. मात्र मरतुकीचे वाक्य धादांत चुकीचे आहे, आणि सगळ्यांत जास्त नुकसान तेच करते.

जीसी जिवंत उचललेल्या वजनावर मिळतो. मेलेल्या पक्ष्याचे किलो त्यातून जातात, एवढे कोणालाही समजते. खरा घाव त्याच्या पुढे आहे. बॅच संपली की कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे यांचा एकूण खर्च काढते, त्याला उचललेल्या किलोंनी भागते आणि आलेला उत्पादन खर्च स्वतःच्या ठरलेल्या प्रमाणाशी ताडून पाहते. प्रमाणापेक्षा खर्च वाढला, तर वाढीचा ठरावीक हिस्सा जीसीतून कापला जातो. मेलेल्या पक्ष्याने मरेपर्यंत खाल्लेले खाद्य या खर्चात मोजलेले असते, पण त्याचे वजन भागाकारात नसते. त्यामुळे मर किती टक्के झाली याइतकेच ती कितव्या दिवशी झाली हे महत्त्वाचे ठरते.

एक बॅच मांडून पाहू. दर माझे आहेत; आपापल्या करारातले घालून हाच हिशेब करावा. ५,००० पिल्ले ४० रुपयांनी, खाद्य ४० रुपये किलोने, औषधे पक्ष्यामागे ५ रुपये. मर ५ टक्के, सरासरी वजन २.१ किलो, एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारे खाद्य, १.६. म्हणजे ४,७५० पक्षी, ९,९७५ किलो माल आणि १५,९६० किलो खाद्य. उत्पादन खर्च किलोला सुमारे ८६ रुपये ५५ पैसे येतो. हेच कंपनीचे प्रमाण आहे असे धरले, तर ८ रुपयांनी ७९,८०० रुपये जीसी मिळतो.

आता याच बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात आणखी ४०० पिल्ले गेली असे समजा. ब्रूडिंगला, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देऊन सांभाळताना, ऊब कमी पडली, पिल्ले एका कोपऱ्यात ढिगाने बसली आणि दबून मेली, असे थंडीत होते. प्रत्येकाने तोवर जेमतेम १०० ग्रॅम खाद्य खाल्लेले असते. उत्पादन खर्च सव्वादोन रुपयांनी वाढतो. वाढीचा निम्मा भार शेतकऱ्यावर असेल, तर जीसी सुमारे ६२,८०० रुपयांवर येतो. नुकसान १७ हजार.

तेच ४०० पक्षी एप्रिल-मे महिन्यांत पस्तिसाव्या दिवशी उष्माघाताने मेले, तर प्रत्येकाने सुमारे २.८ किलो खाद्य खाऊन संपवलेले असते. उचल ९,१३५ किलोच होते, पण खाद्य जवळजवळ तेवढेच लागलेले असते. उत्पादन खर्च ९३ रुपये ५३ पैशांवर जातो, म्हणजे किलोला ७ रुपयांची वाढ. त्यातले साडेतीन रुपये जीसीतून गेले की हाती ४१,२०० रुपये येतात. नुकसान ३८,६०० रुपये. मर दोन्ही वेळा तेवढीच, पण दुसरी दुपटीहून महाग पडली. पिल्लू कंपनीचे होते हे खरे, पण ते मेल्याचा खर्च शेतकऱ्याच्या जीसीतून वसूल झाला. करारात किमान जीसीची अट असली, तर ती हा घाव एका पातळीवर थांबवते. म्हणून करार वाचताना ती अट आणि कपातीचा हिस्सा आधी शोधावा.

३८,६०० ही रक्कम किती मोठी आहे, हे बॅचचा खर्च मांडल्यावर कळते, आणि फिरत्या मजकुरात तो खर्चच नाही. खाली पसरायला तुसाचे ९ हजार, ब्रूडिंगच्या गॅस-कोळशाचे ८ हजार, विजेचे ५ हजार, चुना, फवारणी आणि धुलाईचे ३ हजार, पडदे आणि किरकोळ दुरुस्तीचे ३ हजार, आणि एका माणसाची ६० दिवसांची मजुरी ४०० रुपयांनी २४ हजार. एकूण ५२ हजार. कोंबडखत विकून १२ हजार परत येतात. ८० हजारांच्या जीसीतून निव्वळ ४० हजार उरतात. म्हणजे मे महिन्यातल्या एका वाईट दुपारी त्या बॅचची जवळजवळ सगळी कमाई जाते.

सात बॅचबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ४० दिवसांची वाढ, तीन-चार दिवस लिफ्टिंग, शेड धुऊन, चुना मारून, किमान दोन आठवडे मोकळे ठेवणे आणि मग पिल्लांची वाट पाहणे, हे सगळे ६० दिवसांत बसले तरी वर्षाला सहा बॅच होतात. सातवी काढायची, तर शेड मोकळे ठेवण्याचे दिवस कमी करावे लागतात, आणि मागच्या बॅचचा रोग पुढच्या बॅचला लागतो.

आता शेडच्या आयुष्याचा हिशेब. ५,५०० चौरस फुटांच्या शेडचे साडेबारा लाख आणि खाद्यभांडी, पाण्याची भांडी, ब्रूडर, टाकी, पडदे यांचे अडीच लाख, असे १५ लाख आज खर्च होतात. कमाई मात्र पंधरा वर्षे थोडी थोडी येते. दहाव्या वर्षी मिळणारे २ लाख ४० हजार आजच्या तेवढ्या पैशाच्या बरोबरीचे नाहीत, कारण बँकेचे व्याज रोज चालू असते. १२ टक्के दराने त्यांची आजची किंमत ७७ हजारच आहे. प्रत्येक वर्षाची निव्वळ कमाई अशी आजच्या किमतीत आणून बेरीज करायची आणि त्यातून आजचा खर्च वजा करायचा. उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य, ज्याला बँकवाले एनपीव्ही म्हणतात. ते शून्याच्या वर असेल, तरच शेडने व्याज भागवून काही कमावले. नाबार्ड ब्रॉयलर पालनाचे जे नमुना प्रकल्प प्रसिद्ध करते, त्यांतही पारख याच कसोटीवर केलेली असते, आणि तिथे दर १५ टक्के धरतात. माझा १२ टक्क्यांचा दर त्याहून सौम्य आहे.

सहा बॅच, प्रत्येकी ४० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. पंधरा वर्षांची आजची किंमत १६ लाख ३५ हजार. सातव्या वर्षी भांडी आणि पडदे नव्याने घ्यावे लागतात, दहाव्या वर्षी छपराची आणि फरशीची लाखभराची दुरुस्ती निघते. या दोन्हींची आजची किंमत १ लाख ४५ हजार. १५ लाख वजा केले की उणे १० हजार उरतात. म्हणजे एकही बॅच न बिघडता पंधरा वर्षे गेली, तर शेड जेमतेम व्याजाची बरोबरी करते. १५ टक्क्यांनी हाच आकडा उणे २ लाख १५ हजार होतो.

आता दर उन्हाळ्यात वर सांगितलेली एक बॅच बिघडते असे धरा. वर्षाची कमाई २ लाखांवर येते आणि एनपीव्ही उणे पावणेतीन लाखांच्या आसपास जाते. याच पंधरा वर्षांची साधी बेरीज-वजाबाकी केली, तर सारे खर्च जाऊन साडेअकरा लाखांहून अधिक नफा दिसतो. भाच्याला मी हाच फरक दाखवला, कारण साध्या बेरजेत दिसणारा तो नफा व्याजातच जाणार आहे.

वीस वर्षांचे म्हणाल, तर चांगले बांधलेले शेड तेवढे टिकू शकते, हे मान्य. पण सोळा ते वीस या पाच वर्षांची सगळी कमाई आजच्या किमतीत १ लाख ५८ हजार आहे, आणि त्यासाठी चौदाव्या वर्षी पुन्हा भांडी घ्यावी लागतात. उलट दुसरेच वर्ष रिकामे गेले, तर आजच्या किमतीत १ लाख ९१ हजार बुडतात. शेडचे भवितव्य सुरुवातीची पाच-सात वर्षे ठरवतात, आणि नवखा माणूस ब्रूडिंग आणि उन्हाळा नेमका त्याच काळात शिकत असतो.

घरचीच माणसे राबणार असतील, तर मजुरी का धरायची, असे भाचा म्हणाला. ती सोडली, तर सगळ्या बॅच चांगल्या गेल्यास एनपीव्ही अधिक ९ लाख ७० हजार होते, हे खरे आहे. ज्या घरात दुसरे काम मिळतच नाही, त्यांच्यासाठी हा हिशेब योग्य आहे आणि त्यांनी तो तसाच करावा. पण ती रक्कम घरच्या माणसाच्या पंधरा वर्षांच्या मजुरीची आहे. ती शेडची कमाई म्हणून सांगू नये.

ज्याला शेड बांधायचेच आहे, त्याने आधी उन्हाळ्यासाठी पैसे बाजूला काढावेत. फॉगर, पंखे आणि छपरावर पाणी सोडण्याची नळी यांना समजा ६० हजार लागले आणि त्याने वर्षाची ती एक बॅच वाचली, तर पंधरा वर्षांत त्याची आजची किंमत २ लाख ६३ हजार भरते. मध्ये एकदा पंखे बदलले तरी हा खर्च शेडपेक्षा कितीतरी चांगला परतावा देतो. त्याच्या जोडीला दुपारी खाद्य उचलून ठेवणे, टाकी सावलीत घेणे आणि मे महिन्यात पक्षी कमी भरणे यांना फार पैसे लागत नाहीत. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागले आणि पंख अंगापासून दूर धरून पसरले, की लगेच पाणी मारायला लागावे. मर सुरू झाल्यावर फॉगर शोधून उपयोग नाही.

भाच्याला मी बँकेत जाण्याआधी एवढेच करायला सांगितले आहे: ज्या कंपनीशी करार करायचा, तिच्याच दोन-तीन जुन्या शेतकऱ्यांकडून लागोपाठच्या सहा बॅचचे हिशेबाचे कागद पाहावेत, त्यांत एप्रिल-मेची बॅच असलीच पाहिजे, आणि मरतुकीचे रोजचे आकडे, कापलेला जीसी आणि दोन बॅचमधले रिकामे दिवस त्यांतून उतरवून घ्यावेत. ते आकडे हाती आले, की वरच्या हिशेबात माझे आकडे काढून ते घालू.